आधी खेकडा, मग कांट

"प्राण्यांच्या नैतिक स्थानावरच्या चर्चासत्रात पहिलं भाषण तुमचं असतं आणि तुम्ही दर वेळी खेकड्यापासून सुरुवात करता. कुत्रा, हत्ती, चिंपांझी का नाही? आणि निकष नक्की कोणता धरायचा, संवेदना की विवेक?"

कुत्र्याचं नाव काढलं की समोरचे निम्मे लोक आधीच विरघळलेले असतात, आणि मग युक्तिवाद कोणी ऐकत नाही. चिंपांझीची अडचण वेगळी आहे. त्याला वेदना होतात आणि तो हुशारही असतो. दोन्ही निकषांवर तो उत्तीर्ण होतो, त्यामुळे त्याला मान कशामुळे मिळाला हे कळतच नाही. खेकड्याजवळ ना हुशारीचा लौकिक, ना डोळ्यांत माया. त्याच्याबाबतीत हे दोन निकष वेगळे पडतात, म्हणून मला तो सोयीचा वाटतो.

नैतिक स्थान म्हणजे काय, एवढं मात्र मी आधी सांगून टाकतो. तुम्ही माझ्या कुत्र्याला लाथ मारली तर माझं काहीतरी बिघडतं, हे उघड आहे. प्रश्न असा, की माझं सोडा, त्या कुत्र्याचंही काही बिघडतं का, आणि ते त्याच्यापुरतं हिशेबात धरायचं का? 'हो' म्हणालात तर तुम्ही त्याला नैतिक स्थान दिलंत.

अठराव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ कांट इथे 'नाही' म्हणतो, आणि त्याचं म्हणणं उडवून लावण्याजोगं नाही. नीतिशास्त्रावरच्या त्याच्या व्याख्यानांत एक म्हातारा कुत्रा येतो. आयुष्यभर धन्याची चाकरी केली, आता काम होत नाही, म्हणून धनी त्याला गोळी घालतो. कांटच्या मते कुत्र्याप्रती असलेलं कर्तव्य इथे मोडत नाही, कारण कुत्र्याला विवेक नाही आणि तो निवाडा करू शकत नाही. धनी स्वतःमधली माणुसकी मात्र मारतो, आणि जनावरांशी निर्दय वागणारा पुढे माणसांशीही तसाच वागू लागतो. म्हणजे कर्तव्य माणसांप्रती, कुत्रा फक्त निमित्त.

मला यात एक गाठ सुटत नाही. रागाच्या भरात मी घड्याळ फोडलं तर लोक मला तापट म्हणतील, उधळ्या म्हणतील. क्रूर कोणी म्हणणार नाही. मग कुत्र्याला मारल्यानेच मन का निबर व्हावं? कारण तिथे समोर कोणीतरी कळवळत असतं आणि आपण तिकडे पाठ फिरवायला शिकतो. म्हणजे 'माणुसकी मरते' हे कारण उभं राहायलासुद्धा कुत्र्याच्या वेदनेला आधी काही वजन असावं लागतं. जे समोरच्या दाराने हाकलून दिलं तेच मागच्या दाराने घरात आलं.

इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमने १७८९ मध्ये, तेही एका तळटीपेत, प्रश्नच फिरवला. प्राण्यांना विचार करता येतो का, बोलता येतं का, हे विचारू नका; त्यांना यातना होतात का, ते विचारा. पूर्ण वाढलेला घोडा किंवा कुत्रा एका महिन्याच्या बाळापेक्षा कितीतरी समजूतदार असतो, हेही तो तिथेच बजावतो. विवेकवाद्यांना हे बाळ अवघड जातं. ते म्हणतात, बाळ विवेकी जातीचं आहे, मोठं झालं की विचार करू लागेल. पण जे बाळ कधीच तसं होणार नाही, त्याचं काय? आणि बाळाला चिमटा काढणं वाईट, ते उद्या त्याला गणित येईल म्हणून? मला तरी ते आज त्याला दुखतं म्हणून वाईट वाटतं.

इथपर्यंत बाजी संवेदनेकडे झुकलेली दिसते. आता खेकडा.

काही खेकडे गोगलगायींच्या रिकाम्या शंखांत राहतात. त्यांचं पोट मऊ असतं, शंख हेच चिलखत, आणि कोणता शंख हवा याबाबत ते भलतेच चोखंदळ. बेलफास्टमध्ये प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रॉबर्ट एल्वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंखाच्या आत बारीक तारा बसवून या खेकड्यांच्या पोटाला विजेचे सौम्य झटके दिले. २००९ मध्ये त्यांनी मांडलेलं निरीक्षण असं: नावडत्या शंखातले खेकडे झटका बसल्यावर जास्त प्रमाणात बाहेर पडले, आवडत्या शंखातले तग धरून राहिले. झटका खाऊनही आतच थांबलेल्यांना नंतर नवा शंख दिला, तर ते झटका न बसलेल्यांपेक्षा लवकर त्याच्याकडे गेले आणि फारशी पाहणी न करता आत शिरले. पुढच्या एका प्रयोगात पाण्यात शिकारी प्राण्याचा वास होता, तेव्हा झटका बसूनही शंख सोडणारे कमी झाले.

यात लक्ष कुठे द्यायचं? झटका बसल्यावर अंग आक्रसण्याला मी काहीच महत्त्व देत नाही. मेंदू काढून टाकलेल्या बेडकाच्या पाठीवर आम्ल लावलं तर तो पाय उचलून बरोबर ती जागा पुसतो. बघणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याला झोंबतंय. काम सगळं मज्जारज्जूचं असतं. तेव्हा नुसती हालचाल पाहून वेदनेची खात्री धरणारा फसतो. खेकड्याचं वेगळं असं, की झटका तोच असूनही तो घराची प्रत आणि बाहेरचा धोका पाहून वेगळं वागतो, आणि झटका थांबल्यानंतरही त्याचा परिणाम टिकतो. ठरावीक कळ दाबली की ठरावीक क्रिया, असं हे नाही. कुठेतरी दुखणं आणि घर एकाच तराजूत पडत असावं. वेदना सिद्ध झाली असा दावा एल्वुडही करत नाहीत. वेदना असेल तर जे दिसायला हवं ते दिसतं, एवढंच. ब्रिटनच्या २०२२ च्या प्राणी-संवेदनक्षमता कायद्यात खेकडे, शेवंडे आणि ऑक्टोपस आले ते याच जातीच्या पुराव्यांवर. तो कायदा सरकारी धोरणांना त्यांचा विचार करायला लावतो, कोणाच्या हातातलं उकळतं भांडं काढून घेत नाही.

सभागृहात इथे कोणीतरी हटकून हात वर करतं, आणि माझ्या मते दिवसभरातली सर्वांत चांगली शंका हीच: तुम्ही संवेदना मोजता ती निवडीवरून, आणि तोलून निवडणं हे तर विवेकाचंच धाकटं भावंड झालं. मग दोन निकष वेगळे कुठे राहिले?

शंका रास्त आहे. पण पुरावा एक आणि कारण दुसरं. ताप आपण पाऱ्यावरून ओळखतो, औषध पाऱ्याला देत नाही. खेकडा निवड करतो यावरून आपण त्याच्या दुखण्याचा अंदाज बांधतो. त्याला मान द्यायचा तो मात्र दुखतं म्हणून, निवड चांगली केली म्हणून नव्हे. उलट, ज्याला दुखतं पण निवडीतून दाखवता येत नाही असा जीव आपल्या चाचणीतून निसटतो. ही चाचणीची मर्यादा झाली, त्या जीवाचा दोष नाही.

विवेकाला मी हद्दपार करत नाही. कर्तव्य कोणावर, याचं उत्तर विवेकच देतो. शिकार केली म्हणून वाघावर खटला भरत नाहीत. कर्तव्य कोणाप्रती, हे संवेदना ठरवते. हे दोन प्रश्न एकच समजल्याने निम्मी भांडणं होतात. शिवाय तोटा केवढा, हे ठरवताना विवेक परत येतो. पुढच्या वर्षाचे बेत आखणाऱ्याला झोपेत, वेदनेशिवाय मारलं तर ते बेत बुडतात. खेकड्याचं तसंच मारल्याने काय बुडतं? दुखवू नये हे मला पटलेलं आहे, पण न दुखवता मारण्याबद्दल संवेदनेचा निकष एकटा फार काही सांगत नाही. तिथे मी खाली बसतो, कारण दुसऱ्या वक्त्याचा विषय मरण हा असतो.