छापताना डोळे कुठे जातात: एका शोकसंदेशाच्या फोटोची नोंद

मंडळी, मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की वर्तमानपत्राच्या कागदावर फोटो मळकट येतो, म्हणून पाठवण्याआधी चांगला ठसठशीत एस-कर्व द्यावा, म्हणजे गडद भाग आणखी गडद आणि उजळ भाग आणखी उजळ करावा. ते मी आज मागे घेते. त्याच पद्धतीने तयार केलेला एका मैत्रिणीच्या आईचा फोटो गेल्या आठवड्यात छापून आला. सकाळी तिचा फोन आला. रागावली नव्हती, पण म्हणाली, "अगं, आईचे डोळेच दिसत नाहीयेत गं." अंक उघडून बघितला. भुवयांखाली दोन काळे खड्डे, आणि पांढरे केस कागदात विरून गेलेले. माझ्या स्क्रीनवर तोच फोटो फार सुंदर दिसत होता.

तेच निवेदन त्याच मापात दुसऱ्या एका दैनिकात चार दिवसांनी जायचं होतं. म्हणजे दुरुस्तीला संधी होती, आणि ते चार दिवस मी फक्त डोळ्यांवर घालवले.

मूळ फोटो मोबाइलवर काढलेला. खिडकीचा उजेड वरून आणि डावीकडून, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणी सावलीत. मागे गडद पडदा, तो मी पहिल्या वेळी कापून पूर्ण पांढरा केला होता. जाहिरात एका कॉलमची, फोटो ४ सेंटिमीटर रुंद.

आधी छापून आलेलं कात्रण दहापट भिंगाखाली धरलं. डोळ्याच्या बुबुळात आणि पांढऱ्या भागात काही फरक शोधत होते, तर तिथे सगळी शाई एकमेकांत मिसळलेली. मग फाइल उघडून त्याच जागांचे आकडे वाचले. डोळ्याचा पांढरा भाग ६८ टक्के काळा, बाहुली ८८ टक्के. वीस टक्क्यांचा फरक, स्क्रीनवर पुरेसा. पण या कागदावर शाई पसरते. वर्तमानपत्री छपाईच्या मानकात मधल्या करड्यावर २६ टक्के डॉट गेन धरलेला असतो, म्हणजे ५० टक्क्यांचा ठिपका कागदावर ७६ टक्के जागा व्यापतो. दोन्ही टोकांना ही वाढ कमी होत जाते. साधारण हिशेबाने ६८ चे ९१ झाले आणि ८८ चे ९९. वीसचा फरक आठवर आला, तोही शाई जिथे भरून जाते त्याच पट्ट्यात. मी एस-कर्व देऊन सावल्या आणखी खाली ढकलल्या होत्या, म्हणजे आधीच बुडणाऱ्याला दगड बांधला होता.

त्यात कागद पांढरा नाही आणि शाई काळी नाही. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतचा पल्ला स्क्रीनच्या मानाने निम्म्याच्या आसपास उरतो. एस-कर्वने हा पल्ला वाढत नाही, तो फक्त एकीकडून काढून दुसरीकडे वाटला जातो, आणि मी तो चेहऱ्याच्या मध्यभागी वाटून डोळ्यांना उपाशी ठेवलं होतं. म्हणून आता नियम असा केला की सगळ्यात गडद जागा ८५ टक्क्यांच्या पुढे न्यायची नाही, आणि ओळख पटवणाऱ्या सगळ्या छटा ६५ च्या आत आणायच्या.

एवढं करून पहिली चाचणी घेतली, तरी डोळे मेलेलेच. उजळले होते, पण जीव नव्हता. इथे मी दीड दिवस अडकले. डॉज करून पांढरा भाग आणखी उजळला तर चेहरा दचकल्यासारखा दिसायला लागला. बुबुळातला चमकीचा ठिपका, ज्याने नजर जिवंत वाटते, तो मी दरवेळी हाताने शुभ्र करायचे आणि छपाईच्या ठिपक्यांच्या जाळीत तो दरवेळी गायब व्हायचा.

सुटका झाली ती ठिपके मोजल्यावर. वर्तमानपत्राची जाळी बहुधा सेंटिमीटरला ४० ओळींची असते. ४ सेंटिमीटरचा फोटो म्हणजे आडवे १६० ठिपके, बस्स. माझ्या चौकटीत खांदे, साडीचा काठ, दोन्ही बाजूंना मोकळी जागा असं सगळं होतं, आणि चेहरा रुंदीच्या ४५ टक्के. म्हणजे चेहऱ्याच्या वाट्याला ७२ ठिपके. डोळा चेहऱ्याच्या साधारण एक पंचमांश, म्हणजे १४ ठिपके. त्यात बुबुळ पाच-सहा, आणि त्यातली चमक जेमतेम एक. एका ठिपक्याएवढी पांढरी चमक छापताच येत नाही, शेजारचे चार ठिपके पसरून ती गिळतात. मी छटांशी झगडत होते आणि अडचण मापाची होती.

चौकट आवळली. डोक्याच्या वर थोडीशी जागा, खाली गळ्याच्या खड्ड्यापर्यंत, चेहरा रुंदीच्या ७० टक्के. आता चेहऱ्याला ११२ ठिपके, डोळ्याला २२, बुबुळाला नऊ आणि चमकीला दोन. एका कात्रीने जे मिळालं ते दीड दिवसाच्या डॉज-बर्नने मिळालं नव्हतं. चमक मी किंचित रुंद केली, पण जागा हलवली नाही. खिडकी डावीकडे होती, म्हणून चमक डावीकडे वरच राहिली. ती मध्यभागी सरकली की ओळखीच्या माणसाला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, मग कारण सांगता येवो न येवो.

मग छटा. खोबणीतली त्वचा ५० टक्क्यांवर आणली, डोळ्याचा पांढरा भाग ३८ वर, बाहुली ८५ वर. कागदावर हे अंदाजे ७६, ६२ आणि ९८ होतात. पांढरा भाग त्वचेपेक्षा फक्त थोडा उजळ ठेवला आहे हे लक्षात घ्या. तो कागदाइतका पांढरा केला की डोळे वटारलेले दिसतात. पापणीची वरची कड मात्र गडदच ठेवली, कारण लहान मापात डोळ्याचा आकार तीच धरून ठेवते.

चाचणीबद्दल. लेझर प्रिंटवर विश्वास ठेवू नका, टोनर कागदावर बसून राहतो, पसरत नाही, आणि सगळं नीटनेटकं दिसतं. कोऱ्या वर्तमानपत्री कागदाचा तुकडा साध्या कागदावर पुढच्या कडेला चिकटवून इंकजेटमधून काढला तर शाई फुटते आणि खरी भीती कळते. पण रोजच्या चाचणीसाठी मी आता हे वापरते. वर्तमानपत्राच्या करड्या प्रोफाइलमध्ये (मी `ISOnewspaper26v4_gr.icc` घेते) बदललेली फाइल ImageMagick या प्रोग्रॅमच्या पुढच्या कमांडला द्यायची:

```
magick photo.tif -colorspace Gray -resize 900x \
  -fx "u-1.04*u*(1-u)" -ordered-dither h8x8a \
  +level-colors "#555555,#cbcbcb" -strip jali.png
```

९०० पिक्सेल रुंदीत ही तिरकी जाळी साधारण १६० ठिपके बसवते. मधली ओळ डॉट गेन घालते, शेवटची काळ्याला शाईचा आणि पांढऱ्याला कागदाचा करडेपणा देते. चित्र पूर्ण मापात उघडायचं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघायचं. जवळून नुसते ठिपके दिसतात. हे छपाईयंत्र नव्हे, शाई जास्त सुटलेल्या दिवशी काय होईल ते यातून कळत नाही, पण डोळे राहणार की जाणार एवढं नक्की कळतं. याच प्रोफाइलमुळे माझी जुनी चूकही सापडली. फोटोशॉपमधलं मूळचं Dot Gain 20% मी कधी बदललंच नव्हतं. ते शाई कमी पसरेल असं गृहीत धरतं आणि फाइलमध्ये टक्के जास्त ठेवतं, त्यामुळे वर्तमानपत्रात सगळंच एक पायरी गडद उतरतं.

धार शेवटी, अंतिम मापात. जाळीच्या दुप्पट पिक्सेल पुरतात, म्हणजे ४ सेंटिमीटरला ३२० पिक्सेल. पहिल्या वेळी मी दोन हजार पिक्सेलची फाइल पाठवली होती. पानजुळणीत ती लहान झाली आणि माझी सगळी धार पुसली गेली. आता स्वतःच ३२० वर आणते आणि मग अनशार्प मास्क, रेडियस १ पिक्सेल, अमाउंट १८०, थ्रेशोल्ड ३. स्क्रीनवर खरखरीत, जवळजवळ वाईट दिसतं. तसंच दिसायला हवं. मास्क लावून ही धार फक्त डोळे, ओठांची रेघ आणि केसांना दिली. गालांना दिली तर सुरकुत्या दुप्पट होतात, आणि ते त्या माउलीवर अन्याय करण्यासारखं आहे.

एक मत आग्रहाने मांडते. रंगीत पानावर जाहिरात असली तरी फोटो एकट्या काळ्या शाईतच द्या. चार रंगांत बनवलेला करडा, प्लेटा केसभर सरकल्या तरी, डोळ्याला दुहेरी कड देतो. आणि फाइल मेसेजिंग अ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवू नका, ई-मेलला टिफ जोडा.

राहिली पार्श्वभूमी. पांढऱ्यावर पांढरे केस विरले होते, शिवाय कोऱ्या जागेतून पलीकडच्या पानाची शाई झिरपलेली दिसत होती. म्हणून सपाट २० टक्के करडा भरला. कागदावर तो ३६-३७ होतो, केस ५ टक्क्यांवर ठेवले की १० होतात, फरक भरपूर. फाइल पाठवायला तयार, आणि ही नोंद इथेच संपवणार होते.

पण वरचं लिहितानाच सुचलं की करडा सपाट कशाला? उजेड डावीकडून आहे. डावा गाल उजळ, उजवा सावलीत, साधारण ५५ टक्के. सपाट करड्यावर डावी कड उठते, उजवी जेमतेम. लिहिणं थांबवून पुन्हा फाइल उघडली. डावीकडे २८ टक्के, उजवीकडे १२, मधे हळूहळू उतरता. उजळ गालामागे गडद आणि सावलीतल्या गालामागे उजळ. जाळीची चाचणी काढली तर उजवा जबडा पहिल्यांदाच स्पष्ट उठला, आणि त्यासाठी चेहऱ्याला हात लावावा लागला नाही. उतार अगदी मंद ठेवा. एकदा मी तो घाईघाईने तीव्र केला, तर चार-पाच पट्टे पडले आणि डोक्यामागे वलय आलं.

तीच फाइल पाठवली. काल छापून आली. दोन्ही डोळे आहेत, डाव्यातली चमक भिंगाशिवाय दिसते, केसांची कड शाबूत आहे. उजवा कान सावलीत गेलाय, तिथे मी ७२ टक्के तसेच सोडले होते, पुढच्या वेळी ६० वर आणेन. मैत्रिणीने कात्रणाचा फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "हो, अशीच बघायची ती."