चुलत भावाचे दोन लाख

जुलैमध्ये आमच्या टॅक्स ऑफिसात रिटर्नची झुंबड असते, त्यात एक काका आले, मुलीचं लग्न फेब्रुवारीत झालेलं. बँक स्टेटमेंट चाळताना दोन मोठ्या एंट्र्या दिसल्या, चार लाख आणि दोन लाख. काका म्हणाले, "अहो ताई, ते आहेराचे आहेत, नातेवाइकांनी दिलेत, त्यावर कसला टॅक्स?"

मी विचारलं कोणी दिले. चार लाख मेहुण्याने, म्हणजे मुलीच्या मामाने, आणि दोन लाख काकांच्या चुलत भावाने. दोन्ही काकांच्याच खात्यात आलेले, आणि तिथेच घोळ होता. बायकोचा भाऊ आयकर कायद्याच्या व्याख्येत रिलेटिव्ह आहे, त्याने कितीही दिले तरी टॅक्स नाही. चुलत भाऊ घरात सख्ख्यासारखा असला तरी त्या व्याख्येत बसत नाही. मग लग्नाची सूट? ती फक्त ज्याचं लग्न आहे त्याला मिळते, आईवडिलांना नाही. कलम 56(2)(x) प्रमाणे रिलेटिव्ह नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेले पैसे 50 हजारांच्या वर गेले की वरचे नाही तर अख्खे पैसे उत्पन्नात धरतात.

काका गप्पच झाले. मग म्हणाले, "मुलीच्या नावाने फेब्रुवारीची तारीख टाकून चिठ्ठी करू या का?" मी स्पष्ट नाही म्हटलं, मागची तारीख टाकलेला कागद मी करत नाही, आणि पैसे त्यांच्याच खात्यात पडून त्यांनीच वापरलेले स्टेटमेंटवर दिसतच होते. दोन लाख इतर उत्पन्नात दाखवले, त्यांच्या 20 टक्क्यांच्या स्लॅबने सेससकट 41,600 रुपये. तेच पैसे भावाने थेट मुलीच्या खात्यात टाकले असते तर काहीच लागलं नसतं, याचं मला खरंच वाईट वाटलं.

मामाच्या चार लाखांना टॅक्स नसला तरी कागद लागतोच, कारण उद्या विचारणा झाली तर देणारा कोण, त्याची ऐपत होती का आणि पैसे खरंच त्यानेच दिले का हे दाखवावं लागतं. मामाकडून आजच्याच तारखेचं सहीचं पत्र घेतलं, त्यात नातं, पॅन, रक्कम, ट्रान्सफरची तारीख, आणि हे परत न करण्याच्या बोलीवर दिलेत हे वाक्य. त्याचं स्टेटमेंटही मागवलं तर ट्रान्सफरच्या आदल्या दिवशी दीड लाख रोख भरलेले! अशी एंट्री दिसली की लगेच संशय येतो की पैसे दुसऱ्याच कोणाचे फिरवलेत. पण मामाने सोयाबीन विकलेली आडत्याची पट्टी आणि सातबारा पाठवला, बाकीचे मोडलेल्या एफडीचे निघाले. सगळं एका फायलीत लावलं.

बरं झालं मामाने ते चार लाख रोख नाही दिले, एका प्रसंगासाठी एकाच माणसाकडून दोन लाख किंवा जास्त रोख घेतले तर आयकर कायद्याचं कलम 269ST मोडल्याबद्दल घेणाऱ्याला तेवढाच दंड लागू शकतो, मग देणारा सख्खा भाऊ का असेना.

मुलीच्या खात्यात तिच्या ऑफिसच्या मैत्रिणींनी लग्नात दिलेले सत्तर हजार होते, काकांना आता त्याचीही धास्ती. ते मात्र पूर्ण माफ, फक्त कोणी किती दिले त्याची यादी आणि लग्नपत्रिका जपून ठेवायला सांगितली.