शेंगदाण्याचा दर आणि काकांची वही

आज दुपारभर काकांच्या किराणा दुकानाच्या जुन्या नोंदी एक्सेलमध्ये घातल्या. माल एकच घेतला, सुटे शेंगदाणे. एका रकान्यात आठवड्याचा दर, शेजारी खपलेले किलो, आणि दर 1 टक्का बदलला की खप किती टक्के बदलतो ते काढायला खाली हे सूत्र:

```
=SLOPE(LN(C2:C41),LN(B2:B41))
```

उत्तर चक्क अधिक चिन्हाचं आलं. म्हणजे दर वाढला की खप वाढतो? काका म्हणाले, "अरे, श्रावण आणि नवरात्र बघ की त्यात!" उपासाच्या दिवसांत मागणी चढते आणि दरही. ते आठवडे वगळले, माल संपलेले आठवडेही काढले, तेव्हा उणे 1.4 आलं. म्हणजे दर 1 टक्का वाढला, तर खप साधारण 1.4 टक्के घटतो.

आता 140 चा दर 147 केला, तर आठवड्याचा खप 60 किलोवरून 56 वर येईल. गल्ला 8400 वरून 8232. पण खरेदी 120 ची, म्हणून नफा 1200 वरून 1512!

तरी काकांनी दर लगेच वाढवू दिला नाही. शेंगदाण्याला येणारं गिऱ्हाईक साबुदाणा, गूळही नेतं, आणि ते या आकड्यात कुठेच नाही. त्यांचं म्हणणं मला पटलं. आता आधी 143 करून बघणार आहोत, उपास नसलेल्या आठवड्यांत.