नववा दिवस आणि तेविसावा दिवस

एका विद्यार्थिनीच्या इंटर्नशिप अहवालावर मी पेन्सिलीने 'केवळ दिनक्रम' लिहिलं होतं. काम आणि शिकणं यांची सांगड, या निकषाला वीसपैकी सात. आज तोंडी परीक्षा झाली, आणि तेव्हापासून ते सात मनातून जात नाहीत.

नवव्या दिवसाची नोंद अशी: 'साठ्याची मोजणी केली. तफावत आढळली. दुरुस्त केली.' मी सहज विचारलं, कसली तफावत? आणि ती बोलतच सुटली. संगणकावर २४०, फडताळावर २०. आधी तिला वाटलं, माल गेला. मग माल आल्याची पावती काढली. पावतीवर नग होते आणि तिने खोकी मोजली होती. एका खोक्यात बारा नग, म्हणजे माल जागच्या जागीच. "तेव्हापासून मी आकड्याआधी एकक लिहिते, मॅडम."

घरी येऊन अहवाल परत उघडला. तेविसाव्या दिवशी लिहिलंय, 'नवीन मालाची नोंद करण्याआधी एकक तपासले.' चौदा दिवसांनी, कुणी न सांगता. शिकल्याची खूण दुसरी कोणती असते? ती कागदावर होती आणि मी पान उलटलं.

पंचवीस अहवाल, शनिवार-रविवार दोन्ही गेले, मदतीला कुणी नाही. डोळे थकतात, हे कुणाला सांगायचं? असो.

पण थकव्यावर ढकलून भागत नाही. बेचाळीस नोंदी वाचताना मी एकच कसोटी लावत होते: दिवसांचा क्रम बदलला तर काही बिघडतं का? बिघडत नसेल तर ती रोजनिशी. कसोटी अजूनही बरोबर वाटते. इथे नऊ आणि तेवीस यांची अदलाबदल केली असती तर बिघडलं असतं. मी करून पाहिली नाही, एवढंच.

दुसऱ्या एकाला चौदा दिले होते. त्याच्या शेवटच्या पानावर संघभावना, संवादकौशल्य, वेळेचं नियोजन, सगळं छान मांडलेलं. आज एकेका शब्दापुढे दिवस लिहायला बसले, तर एकही सापडेना. त्याचं मात्र... उद्या बघते.

तिचे वीस करता येत नाहीत. 'का' तिने तोंडी सांगितलं, त्याचे गुण वेगळे आहेत आणि ते पूर्ण दिले. कागदावर बदललेली सवय आहे, कारण नाही. अकरा केले. शेजारी दोन्ही दिवसांचे आकडे लिहून मध्ये बाण काढला.

नोंदीचा नमुना आम्हीच दिलेला आहे: तारीख, काम, तास. तिने तीनही रकाने इमानाने भरले. चौथा रकाना आम्ही ठेवलाच नव्हता. तासांच्या जागी 'आधीच्या कोणत्या दिवसामुळे हे वेगळं केलं?' असं घालून नमुना आत्ताच पाठवला. रोज भरायचा नाही, सुचेल तेव्हाच.