फरकांच्या शेवटच्या ओळीत एकच आकडा उरला तेव्हा

बुद्धिमापन चाचणीचा पेपर मी पहिल्यांदा दिला तेव्हा त्यात अंकमालिकेचे पाच प्रश्न होते. चार पटापट सुटले. पाचवा होता: ६, ७, १६, ५१, २०८, ?

मला एकच पद्धत अंगवळणी पडली होती, शेजारशेजारच्या पदांमधला फरक काढायची. पहिली ओळ आली १, ९, ३५, १५७. काही दिसलं नाही, म्हणून फरकांचे फरक काढले: ८, २६, १२२. पुन्हा फरक: १८, ९६. पुन्हा एकदा: ७८. आता एकच आकडा उरला होता. तोच कायम राहील असं धरून मी उलट वर चढत गेले. ९६ आणि ७८ मिळून १७४, १२२ मध्ये ते मिळवून २९६, मग ४५३ आणि शेवटी २०८ अधिक ४५३, म्हणजे ६६१. पर्यायांत ६६१ नव्हतं. बेरीज चुकली असणार असं वाटून मी सगळं पुन्हा केलं आणि पुन्हा ६६१ च आलं. पुढच्या सोप्या प्रश्नांचा वेळ त्या एका मालिकेत गेला.

माझी एकही बेरीज चुकलेली नव्हती, हे मला नंतर कळलं. अभ्यासिकेत एक ताई होती, हाच पेपर आधी देऊन बसलेली. मी तिला रफ कागद दाखवला. तिने उत्तराकडे पाहिलंच नाही. तिने १, २, ४, ८, १६ लिहिलं आणि म्हणाली, "हे तुझ्या पद्धतीने सोडव."

"ताई, हे दुप्पट होतंय. ३२."

"तुझ्या पद्धतीने सोडव म्हटलं."

मी फरक काढले. १, २, ४, ८. मग १, २, ४. मग १, २. मग १. शेवटचा १ कायम धरून वर चढले, तर तिसऱ्या ओळीत ३ आला, दुसऱ्या ओळीत ७, पहिल्या ओळीत १५ आणि मालिकेत ३१. ज्या मालिकेचं उत्तर शाळकरी मूलसुद्धा ३२ सांगेल, तिचं माझ्या पद्धतीने ३१ आलं होतं, आणि तेही एकही चूक न करता.

मग तिने नीट समजावलं. पाच पदं असली की पहिल्या ओळीत चार फरक येतात, मग तीन, मग दोन आणि शेवटी एक. कोणतेही पाच आकडे लिहिले, अगदी डोळे मिटून, तरी शेवटी एक आकडा उरणारच. तो एकटाच आहे म्हणून "कायम" दिसतो. प्रत्यक्षात तो कायम आहे हे आपण पाहिलेलं नसतं, धरलेलं असतं. त्यामुळे ही पद्धत कुठल्याही मालिकेला काही ना काही उत्तर देतेच, आणि उत्तर आलं म्हणून नियम सापडला असं होत नाही. फरकांच्या ओळीत निदान दोन, शक्यतो तीन आकडे आपणहून एका तालात बसले पाहिजेत. उदाहरण म्हणून तिने ३, ७, १४, २५, ४१ दिलं. इथे फरक ४, ७, ११, १६ आणि त्यांचे फरक ३, ४, ५. हे तीन आकडे ओळीने वाढताना डोळ्यांना दिसतात. पुढचा ६, म्हणून फरक २२ आणि उत्तर ६३. इथे काही धरावं लागलं नाही.

त्या दिवसापासून माझा एक नियम झाला: दुसऱ्या ओळीपर्यंत ताल दिसला नाही तर फरक सोडून द्यायचे. तिसरी ओळ क्वचितच लागते. अशा पेपरात चौथ्या ओळीपर्यंत जावं लागत असेल तर आपण बहुतेक वाट चुकलेलो असतो.

दुसरी गोष्ट मात्र शिकायला मला बरेच दिवस लागले. ती म्हणजे पेन टेकवण्याआधी मालिका किती वेगाने वाढतेय हे बघणं. ३ वरून ४१ पर्यंत पाच पदांत जाणारी मालिका रमतगमत वाढते, तिथे फरक काढणं योग्य. पण ६ वरून २०८? शेवटच्या उडीत ५१ चे थेट २०८ झाले. एवढी उडी बेरजेने सहसा येत नाही, कुठेतरी गुणाकार असतो. अशा वेळी आधीचं पद मोठ्या पदात किती वेळा बसतं ते पाहायचं, आणि सुरुवात नेहमी शेवटाकडून करायची. पहिल्या पदांत आकडे लहान असतात, तिथे नंतर मिळवलेला एक-दोनसुद्धा पटीचा अंदाज बिघडवतो. ६ चे ७ झाले यावरून काहीच कळत नाही. पण २०८ भागिले ५१ करून बघितलं तर चार वेळा बसून बाकी ४ उरते. ५१ भागिले १६, तीन वेळा आणि बाकी ३. १६ भागिले ७, दोन वेळा आणि बाकी २. ७ भागिले ६, एक वेळा आणि बाकी १.

मला भोवलेली मालिका ती हीच. दर वेळी १, २, ३, ४ ने गुणायचं आणि तेवढेच मिळवायचे. पुढचं पद २०८ गुणिले ५ अधिक ५, म्हणजे १०४५. तो आकडा पर्यायांत होता हे मला लख्ख आठवत होतं, कारण सगळ्यात मोठ्या पर्यायांपैकी एक म्हणून मी तो पहिल्याच नजरेत बाजूला टाकला होता.

भागाकार आणि बाकी ही जोडी मला तेव्हापासून फार आवडते. नुसती पट पाहिली असती तर ४.०८, ३.१९ असे ओबडधोबड अपूर्णांक आले असते आणि मी पुन्हा गोंधळले असते. बाकी वेगळी काढली की गुणाकार एका बाजूला आणि बेरीज दुसऱ्या बाजूला अशी दोन्ही सुटी होतात. बाकी वजा लागतेय असं दिसलं, म्हणजे पुढचं पद पटीपेक्षा थोडं कमी पडतंय, तर एक जास्त पट घेऊन किती कमी पडतं ते पाहायचं. उदाहरणार्थ ५ नंतर १४ आणि १४ नंतर ४१ आलं, तर दोन्हीकडे तिप्पट वजा १.

एका आड एक चालणाऱ्या मालिकांनी मला वेगळ्याच कारणाने छळलं. वर-खाली होणारी मालिका दिसली की मी ओळखायचे, पण सतत वाढणारी असली की लक्षातच यायचं नाही. एका सराव पेपरात आलं होतं: २, ५, ६, १०, १८, २०, ५४, ?

सगळे आकडे चढते आहेत, त्यामुळे मी पुन्हा फरकांना हात घातला: ३, १, ४, ८, २, ३४. इथे आधी मी कंटाळून पान उलटलं असतं. आता मात्र फरकांकडेच बघत बसले. मालिका चढती आहे, पण फरक खाली-वर होताहेत, ८ नंतर एकदम २ आणि मग ३४. वाढीचा वेग असा हेलकावतो तेव्हा आत दोन मालिका एकमेकींत विणलेल्या असण्याची शक्यता मोठी. एकाआड एक पदं वेगळी लिहिली: २, ६, १८, ५४ आणि ५, १०, २०. एक तिप्पट होतेय, दुसरी दुप्पट. प्रश्नचिन्ह आठव्या जागी, म्हणजे दुसऱ्या मालिकेत, आणि उत्तर ४०. ते आधीच्या ५४ पेक्षा लहान आहे, म्हणून पहिल्यांदा लिहिताना हात अडखळला होता.

मालिकेची लांबी हीसुद्धा खूण असते. एका सरळ नियमासाठी पेपर काढणाऱ्याला पाच पदं पुरतात. सात-आठ पदं दिली असतील तर बहुतेक वेळा दोन मालिकांना प्रत्येकी तीन-चार पदं मिळावीत म्हणूनच दिलेली असतात.

गाळलेलं पद मधे असलं की सुरुवातीला मला धडकी भरायची, आणि आता तेच प्रश्न मला सोपे वाटतात. ४, ९, १९, ?, ७९, १५९ हे बघा. फरक ५, १०, मग दोन अज्ञात, मग ८०. ते दोन अज्ञात फरक मिळून ६० व्हायलाच हवेत, कारण १९ पासून ७९ पर्यंतचं अंतर तेवढंच आहे. ५, १०, २०, ४०, ८० असं धरलं तर २० आणि ४० मिळून बरोबर ६०. पद ३९. शेवटच्या पदाचा प्रश्न असतो तेव्हा उत्तर पडताळायला पुढे काहीच नसतं. इथे पलीकडची दोन पदं आपल्या नियमाची परीक्षा घेतात.

दुसऱ्यांदा पेपर दिला तेव्हा मालिकेच्या प्रश्नांतला शेवटचा असा होता: ३, ६, ४, ८, ६, १२, १०, ?

वर-खाली होतेय, पदंही सात. मी लगेच दोन मालिका केल्या. ३, ४, ६, १० आणि ६, ८, १२. उत्तर दुसरीत हवं होतं. तिचे फरक २ आणि ४. पुढचा ६ असेल तर १८, दुप्पट होत असेल तर ८ आणि उत्तर २०. पर्यायांत १८ ही होतं आणि २० ही. आधीची मी असते तर २, ४, ६ पटकन गळी उतरलं असतं आणि १८ वर खूण झाली असती. पण दोनच फरक हाताशी होते, आणि दोन आकड्यांवरून ६ की ८ हे ठरवता येत नाही.

म्हणून पुन्हा पूर्ण मालिका शेजारशेजार वाचली. ३ चे ६, ४ चे ८, ६ चे १२. प्रत्येक जोडीत दुप्पट. आणि जोड्यांच्या मधे ६ चे ४, ८ चे ६, १२ चे १०, दर वेळी वजा २. दोन वेगळ्या मालिका नव्हत्याच, एकाच मालिकेवर दोन क्रिया आळीपाळीने चालल्या होत्या: गुणिले २, वजा २. हा नियम सहाच्या सहा पायऱ्यांवर बसत होता, एकही पायरी गृहीत धरावी लागली नव्हती. १० नंतर पाळी दुप्पट करायची. मी वरच्या मालिकेचे फरकही एकदा बघून घेतले, १, २, ४, म्हणजे तिथेही दुप्पटच. २० वर खूण केली आणि घड्याळ न बघता पुढच्या प्रश्नाकडे वळले.