माझा अनुभव: कोल्हापुरी लगेच जमली, पँटने तीन खेपा घालायला लावल्या

कोल्हापुरीवर घालायची पँट शिवायला टाकत असाल तर मापाला जाताना तीच चप्पल पायात असू द्या. एवढं एक वाक्य मला वेळेवर कुणी सांगितलं असतं, तर एका साध्या सुती पँटसाठी रत्नागिरीच्या मार्चातल्या उन्हात तीनदा बाजारात जावं लागलं नसतं. चिडचिड अजून पुरती उतरलेली नाही, त्यामुळे हे जरा पँटपुराणच होणार आहे.

ठरवलं होतं ते सोपं होतं. टॅन रंगाची एकच कोल्हापुरी आणि तिच्यावर तीन कपडे: हातमागाचा कुर्ता, गडद निळी सरळ पँट आणि एक लांब स्कर्ट. तिन्हींवर ती ठरवून घातल्यासारखी दिसायला हवी होती. घाईत घरची पायात सरकवून आले, असं दिसायला नको होतं.

चप्पल कोल्हापूरहून आणली, त्यात फारसं सांगण्यासारखं काही नाही. लहान कान, पट्ट्यावर बारीक वेणी, गोंडा नाही. लहान कान मुद्दाम निवडले, कारण मोठे कान पावलाच्या बाजूला बाहेर येतात आणि अरुंद मोहरीची पँट त्यांच्यावर अडकून बसते. पट्टा थोडा घट्टच घ्यावा, चामडं घालून घालून सैलावतं. तळाची लांबी मात्र वाढत नाही, म्हणून टाच तळाच्या काठापासून पाव इंच आत राहतेय ना, हे दुकानातच उभं राहून बघावं. (अथणीची चप्पल म्हणजे कोल्हापुरी नव्हे, असं कुणी ऐकवलं तर मनावर घेऊ नका. कोल्हापुरीच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत, आणि अथणी ज्या बेळगाव जिल्ह्यात येते तो त्यातलाच.)

आता पँट.

कंबरेपासून जमिनीपर्यंत माझं माप अनवाणी ३८ इंच भरतं. शिंप्याने सवयीप्रमाणे लांबी ३७॥ धरली. बंद बुटावर ती बरोबर बसली असती, कारण बुटाला मागून भिंत असते आणि कापड तिच्यावर टेकून राहतं. कोल्हापुरीला मागे काहीच नाही. पाऊल उचललं की टाच तळापासून सुटते, तेवढ्या फटीत पँटची मागची कड शिरते आणि पुढच्या पावलाला आपण आपल्याच पँटवर उभे. दुकानातून रिक्षा थांब्यापर्यंत जाईतो मागची कड मळून तांबडी झाली होती. पुढून आणखी वाईट. कापड पट्ट्यावर येऊन चुरगळलेलं, वेणी अर्धी झाकलेली, अंगठा तेवढा बाहेर. ज्या पट्ट्यासाठी पैसे मोजले तोच दिसेना, आणि जे दिसत होतं ते रबरी स्लीपर असती तरी तसंच दिसलं असतं.

दुसऱ्या खेपेला "थोडी वर घ्या" म्हटलं. चूक माझीच, ‘थोडी’ हे काही माप नव्हे. शिंप्याने दीड इंच घेतली, ३६ झाली. आता मागची कड टाचेखाली जाईना, पण पुढची कड पावलाच्या उंचवट्यावर, पट्ट्याच्या जेमतेम वर येऊन टेकली. उभं राहिलं की एक सुरकुती, बसलं की पँट वर चढून घोटा अर्धा उघडा. पँट आखूड आहे की लांब, तेच कळेना. भावाची घातल्यासारखी वाटत होती. शिंप्याचं म्हणणं, "ताई, माप बरोबर आहे, तुम्ही सँडल घालून बघा." दीड इंच टाचेच्या सँडलवर ती कदाचित बरी दिसलीही असती. पण मला कोल्हापुरीच घालायची होती, आणि तिच्या तळाची जाडी टाचेकडे जेमतेम पाऊण इंच.

त्या संध्याकाळी घरी आरशासमोर चप्पल घालून उभी राहिले आणि पँटची कड टाचण्यांनी अर्धा अर्धा इंच वर घेत गेले. घोट्याचं हाड लागेपर्यंत काही जमत नव्हतं. कड हाडाच्या वर साधारण एक इंच गेली आणि चित्र एकदम बदललं. पँट संपते, मग दोन-तीन बोटं पाय दिसतो, मग पट्टा पुरता दिसतो. मधली ती मोकळी जागाच सगळं काम करते. पँट इथे संपवायचीच होती, असं तिच्यामुळे वाटतं. माझ्या मापात ती लांबी ३४ आली.

दुसरी चालणारी लांबी अगदी उलट टोकाला आहे, पण तिला मोहरी रुंद लागते. माझ्या पँटची मोहरी १४ इंच, म्हणून ती वाट बंद होती. मोहरी २२ इंच किंवा त्याहून मोठी असेल तर कड चप्पल घातल्यावर जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवायची. रुंद कापड कानांना न अडकता बाहेरून सरळ खाली पडतं, टाचेखालीही सहसा जात नाही, आणि पुढून चप्पलचं टोक तेवढं दिसतं. म्हणजे पट्टा पूर्ण दिसू दे, नाहीतर पूर्ण झाकू दे. अर्धवट झाकलेला पट्टा हीच सगळी गडबड.

तिसरी खेप ३४ चा आकडा कागदावर लिहूनच केली. तुरपाई सुरेख झाली, दोन दिवस मी खुशीत. मग पँट धुतली आणि ३३ झाली. कापड शिवण्याआधी पाण्यातून काढलंच नव्हतं! सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीनने आटलं तरी ३४ इंचात एक इंच जातो, आणि घोट्याच्या वरचा एक इंच म्हणजे काय ते शाळेचा गणवेश आठवला की कळतं. वाचले ते एवढ्यावरच की जास्तीचं कापड शिंप्याने कापलं नव्हतं, आत दुमडून ठेवलं होतं. त्याबद्दल त्याला पैकीच्या पैकी गुण. या वेळी मीच उसवून एक इंच सोडला. जुन्या दुमडीची रेघ दिसत होती, ती ओलं फडकं टाकून कडक इस्त्री केल्यावर गेली. कापड एकदाच धुतलेलं होतं म्हणून गेली. वापरून विटलेल्या पँटवर ती रेघ फिकट पट्ट्यासारखी राहतेच.

तेव्हा कापड आधी रात्रभर पाण्यात, मग सावलीत वाळवून शिंप्याकडे. आणि दुमड निदान दीड-दोन इंचांची मागा.

निळ्या पँटवर टॅन चप्पल एकटी पडते, हे नंतर लक्षात आलं. वर तिच्याशी बोलणारं काहीतरी लागतं: तपकिरी पट्ट्याचं घड्याळ, चामड्याची पर्स, कुर्त्याची लाकडी बटणं, काहीही एक. रंग तंतोतंत जुळवायच्या भानगडीत पडू नका. कोल्हापुरीचा रंग तेल आणि उन्हाने गडद होत जातो, आज जुळवलेली पर्स पुढच्या वर्षी वेगळीच दिसते.

तेलावरून आठवलं. नवीन चप्पल चावते, म्हणून पट्ट्याला आतून तेल लावतात. दोन-चार थेंब पुरतात, तेही रात्री. सकाळी कोरड्या फडक्याने पुसून घ्या. माझ्या एका पांढऱ्या सलवारीच्या कडेला तपकिरी डाग आहे, तो या घाईचा. फिकट कपड्याबरोबर घालण्याआधी ओलसर पांढरं फडकं पट्ट्यावर घासून बघावं. रंग उतरत असेल तर आणखी काही दिवस गडद कपड्यांवरच घालावी.

कुर्त्याचं सोपं, फक्त कापडाला वजन हवं. कोल्हापुरीचा तळ जाड, कड ठसठशीत. वर खादी, जाड सुती किंवा लिनन असेल तर तोल राहतो. माझ्याकडचा जॉर्जेटचा कुर्ता तिच्यावर घालून पाहिला तर सगळी नजर पायाकडेच. त्याला बारीक पट्ट्यांची, पातळ तळाची सपाट सँडल बरी दिसते. कुर्ता गुडघ्याखाली जात असेल तर खाली अरुंद पँट घ्यावी, लांब कुर्ता आणि घेरदार पायजमा दोन्ही घेतले तर सपाट चप्पलवर माणूस बुटका दिसतो.

स्कर्टची कड पोटरीच्या सर्वांत जाड जागी संपू देऊ नका. टाच उंच असली तर तिथली कड खपून जाते, सपाट चप्पलवर पाय तिथेच तोडल्यासारखा दिसतो. माझा स्कर्ट चार इंच खाली सोडून घोट्याच्या जरा वर आणला, पोटरी निमुळती होते तिथे. कंबरेत खोचलेला ब्लाऊज, बस्स.

हे सगळं ऑक्टोबर ते मे. आपल्याकडच्या पावसात कोल्हापुरी म्हणजे शुद्ध अत्याचार: चामड्याचे थर पाणी पिऊन फुगतात, शिवण ढिली पडते, आणि एकदा भिजून घरात वाळली की तळ वाकडा होतो. भिजलीच तर कागद कोंबून सावलीत वाळवा, चुलीपाशी नको. जूनच्या पहिल्या सरीआधी ती पुसून, तेलाचा हात फिरवून, सुती कापडात गुंडाळून ठेवते. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली आईची जोडी गणपतीत काढली तेव्हा हिरव्या बुरशीने भरली होती.

पावसातल्या चार महिन्यांसाठी रबरी तळाची सपाट सँडल, टॅनच, म्हणजे ३४ इंचांची पँट आणि पर्स दोन्ही तशाच चालतात. फक्त बक्कलची घेऊ नका. मी घेतली होती. गणपतीत वाडीतल्या अकरा घरी आरतीला गेले, अकरा पायऱ्यांवर वाकून बक्कल सोडलं, अकरा वेळा परत लावलं, आणि शेजारच्या काकू प्रत्येक ओटीवर माझ्या आधी प्रसाद घेऊन मोकळ्या.