मधल्या दीड महिन्याचं काय करायचं?

"मशीनच्या वार्षिक देखभालीचं कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे एएमसी, संपून दीड महिना झाल्यावर ग्राहक पैसे भरतो. नवं कॉन्ट्रॅक्ट जुन्या तारखेपासून धरायचं की आजपासून?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, हे बिलाच्या फायलीत सापडत नाही. आधी व्हिजिटचे रिपोर्ट काढा. मधल्या दिवसांत आपला माणूस तिथे जाऊन फुकट काम करून आला असेल, तर बिल जुन्या तारखेपासूनच. गेलाच नसेल, तर मागची तारीख टाकणं म्हणजे न केलेल्या कामाचे पैसे मागणं.

समजा, १२,००० चं, चार सर्व्हिसचं कॉन्ट्रॅक्ट ३१ मार्चला संपलं. १८ मेला फोन येतो, "मशीन बंद पडलंय, पैसे पाठवतो, माणूस पाठवा." त्याच दिवसापासून कॉन्ट्रॅक्ट धरलंत, तर बंद मशीन गळ्यात घेतलंत. आधी तपासणी करा, तिचे पैसे वेगळे. दुरुस्ती आणि पार्टही नेहमीच्या दरानं. २० तारखेला मशीन सुरू होऊन रिपोर्टवर सही झाली, की २१ मे ते पुढच्या २० मेपर्यंतचं कॉन्ट्रॅक्ट. शेवटची तारीख हातानं टाकू नका, एक दिवस हमखास चुकतो. एक्सेलमध्ये सुरुवातीची तारीख B2 मध्ये असेल, तर `=EDATE(B2,12)-1`.

आता गोम. रिपोर्ट काढल्यावर १० एप्रिलची व्हिजिट दिसते आणि वाटतं, सेवा तर दिली होती. पण ती बहुतेक वेळा मागच्या वर्षाची राहिलेली चौथी सर्व्हिस असते. तिचे पैसे जुन्या बिलातच आलेले असतात. नुसत्या ग्राहकाच्या नावावर रिपोर्ट लावले, तर हे कळायला मार्ग नाही. म्हणून प्रत्येक रिपोर्टवर कॉन्ट्रॅक्ट नंबर आणि '४ पैकी ४' असं लिहिलेलं हवं.

पैसे आगाऊ आले म्हणून ते मेचं उत्पन्न नव्हे. मेच्या ११ दिवसांचे साधारण ३६२ उत्पन्नात घ्या, बाकी आगाऊ जमेत ठेवा. मध्येच कॉन्ट्रॅक्ट मोडलं, तर परत करायच्या रकमेचा हिशोब तिथूनच सुरू होतो.

आणि नूतनीकरणाच्या स्मरणपत्रासोबत बिल नको, प्रोफॉर्मा लावा. बिलं आधीच फाडली, की जे नूतनीकरण करत नाहीत त्यांची नावं उधारीत दिसत राहतात आणि मग एकेक क्रेडिट नोट काढत बसावं लागतं. त्याच पत्रात एक ओळ टाका: 'मुदत संपल्यानंतर नूतनीकरण तपासणीनंतरच होईल, तपासणीचे शुल्क वेगळे.' भांडण होतं ते ही ओळ मेमध्ये पहिल्यांदा ऐकवली तर.

काही ग्राहकांना सगळ्या मशीनची मुदत एकाच दिवशी संपायला हवी असते. त्यांना २१ मे ते ३१ मार्च असं ३१५ दिवसांचं कॉन्ट्रॅक्ट द्या. रक्कम दिवसांच्या हिशोबानं, म्हणजे साधारण १०,३५६. सर्व्हिस मात्र तीनच, आणि तसं बिलावर लिहा.